एकनाड निघाली, आणि तो पत्रिकाच मानत नाही

अबोली२९
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी आणि तो दोघंही पुण्यात नोकरीला. त्याचं मूळ गाव राजापूरकडचं, आम्ही नाशिकचे. चार वर्षांची ओळख, दोन्ही घरांचा होकार, साखरपुडा मार्गशीर्षात करायचं ठरत होतं. घोडं अडलं ते पत्रिकेवर. मला पत्रिका जुळवून बघायची आहे, आणि त्याचा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही.

मी काही फार देवदेव करणारी नाही. पण माझ्या ताईचं लग्न पत्रिका न बघता झालं आणि अडीच वर्षांत मोडलं. नंतर आईने दोघांच्या पत्रिका दाखवल्या तर षडाष्टक निघालं. तेव्हापासून ते डोक्यात बसलंय.

त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वाईट निघालं तर काय करशील ते आधी सांग. मग देतो जन्मवेळ." मला उत्तर देता आलं नाही. वर मीच चिडले.

पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते. त्याच्या आईने माझ्या आईला गुपचूप त्याची जन्मतारीख, वेळ, ठिकाण सगळं दिलं. आमच्या गुरुजींनी संगणकावर काढून सांगितलं, साडेचोवीस गुण जुळतात, पण एकनाड आहे, करू नका. माझं आर्द्रा, त्याचं हस्त. दोघांची आद्य नाडी.

पत्रिका बघितली गेलीय हे त्याला अजून माहीत नाही. त्याला समजवायचं कसं?

कोपऱ्यातलाकाका
तुम्ही त्याला समजवणार की गुरुजींना, हे आधी ठरवा. दोघं एकदम जमायचे नाहीत.

विज्ञानवादी_विनू
आजच्या काळात हा प्रश्न पडावा याचंच वाईट वाटतं. नारळीकरांनी २००८ साली पुण्यात चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकाला चाळीस. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आलेल्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. मुलगा शहाणा आहे, तुम्ही त्याच्याकडून शिका.

सुलभा_मावशी
विनू, ती मुलगी घाबरलीय आणि तू तिला टक्केवारी ऐकवतोस. शिवाय ती चाचणी बुद्धीवर होती, लग्नावर नव्हती. मी पण फार मानत नाही हो, पण वादाला वाद जोडून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही.

विज्ञानवादी_विनू
मावशी, एक लक्षात घ्या. ताईचं लग्न मोडल्यावर पत्रिका बघितली. मोडलेल्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलात तर कोण म्हणेल की छान जुळतंय? ज्यांची षडाष्टक असूनही चाळीस वर्षं झाली, ते पत्रिका दाखवायला जातच नाहीत.

सुलभा_मावशी
हे मात्र पटलं. माझं स्वतःचंच षडाष्टक आहे. ३८ वर्षं झाली. भांडतो, पण ते टीव्हीच्या रिमोटवरून.

मालतीताई_सांगली
अबोली, चांगला धागा काढलास. माझ्या मुलाला चौथा मंगळ आहे. मुलगी मंगळाचीच बघावी लागेल का? सांगली-मिरज भागात कुणी चांगले गुरुजी असतील तर कृपया कळवा.

राजा_शिरपूर
एकनाड म्हणजे दोघांचा रक्तगट एक. जुन्या लोकांना रक्तगट तपासता येत नव्हते म्हणून त्यांनी नाडी बघायची पद्धत काढली. त्यामुळे मुलं होण्यात अडचण येते. यात अंधश्रद्धा काही नाही, शास्त्रच आहे.

डॉ_निशा
राजाभाऊ, हे माझ्याकडे ओपीडीत आठवड्याला एकदा तरी येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

नाडी ठरते जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून. रक्तगट ठरतो आईवडलांकडून काय आलं त्यावरून. एकाच घरातल्या तीन भावंडांचा रक्तगट एक आणि नाड्या तीन, असं सहज असतं. दोघांचा काही संबंध नाही. आणि नवराबायकोचा रक्तगट एकच असणं ही अडचण नाहीच, उलट सोयीचं आहे.

अडचण येऊ शकते ती बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तेव्हा, म्हणजे रक्तगट वेगळे असताना. मूल पॉझिटिव्ह झालं तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळाला त्रास होतो. त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. साधारण २८व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक. ते वेळेवर दिलं की प्रश्न जवळजवळ मिटतो.

लग्नाआधी खरंच काही जुळवून बघायचं असेल तर थॅलेसेमियाची तपासणी करा. एचबीए-२ नावाची रक्ताची साधी चाचणी. विदर्भातले किंवा आदिवासी पट्ट्यातले असाल तर सिकलसेलचीही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही.

राजा_शिरपूर
आमच्याकडे सगळे तसंच सांगतात. पण तुम्ही डॉक्टर आहात, मानतो.

परदेशीपाटील
माझा अनुभव. मी न मानणारा, बायको (तेव्हा मैत्रीण) मानणारी. मी म्हटलं, बघ तुला काय बघायचं ते, मला फरक पडत नाही. तिने बघितलं, तिला मंगळ निघाला. तिने एक शांत करायला सांगितली. मी मोठ्या मनाने बसलो. लग्न झालं. पहिल्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा माझी सख्खी आई तिला म्हणाली, "शांत नीट झाली नसेल."

म्हणून म्हणतो, "तुला हवं तर बघ" म्हणणंही फुकट नसतं. निघालेला दोष कायमचा घरात राहायला येतो आणि तो बहुतेक वेळा सुनेच्या नावावर लागतो. तुमच्या मित्राला कदाचित हेच नको असेल.

तळटीप
पाटलांना +१. आणि एकूण पत्रिकांपैकी मंगळाच्या किती? पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, म्हणजे बारापैकी पाच घरं. शंभरातल्या चाळीसेक जणांना मंगळ असायचाच. मालतीताई, काळजी करू नका, बाजारात माल भरपूर आहे.

मालतीताई_सांगली
हे काय बोलणं झालं? माल म्हणे.

गोदाकाठ
थोडा उशिरा आलो. मी पोटासाठी ज्योतिष करत नाही, पोस्टात होतो, पण तीसेक वर्षं पत्रिका बघतो. अबोली, एक गोष्ट खटकली म्हणून विचारतो. त्याची जन्माच्या वेळी केलेली जुनी पत्रिका घरी आहे का? असल्यास तिच्यात नक्षत्र कोणतं लिहिलंय?

अबोली२९
आहे. आईने तिचा फोटो आणला होता. पिवळा पडलेला लांबट कागद, कोपऱ्याला हळदीची बोटं. त्यावर चित्रा, प्रथम चरण, नावरस नाव 'पे' वरून असं आहे. गुरुजींना दाखवला होता. ते म्हणाले, जुन्या लोकांचं गणित कच्चं असायचं किंवा वेळ चुकली असेल, संगणक हस्त चौथा चरण दाखवतोय तेच बरोबर.

गोदाकाठ
वाटलंच मला. गणित कच्चं नाही आणि वेळही चुकलेली नाही. सावकाश वाचा.

गुणमेलनात फक्त चंद्र बघतात. छत्तीस गुण आहेत ते सगळे दोघांच्या चंद्राच्या नक्षत्रांवरून आणि राशींवरून. चंद्र एका नक्षत्रात जवळपास एक दिवस असतो. इथे चंद्र जन्मवेळेच्या चुकीने चित्रेत जायचा तर तीन-चार मिनिटांची चूक पुरत नाही, तासांची लागते. मंगळाचं तसं नसतं. मंगळ लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीवरून मोजतात आणि हे लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, तिथे पाव तासानेही घर बदलू शकतं.

मग फरक कुठून आला? घर राजापूरकडचं. त्या बाजूला पुष्कळ घरांत टिळक पंचांग चालतं. दाते आणि बाजारातली बहुतेक पंचांगं चित्रापक्षाची, टिळक पंचांग रैवतपक्षाचं. राशिचक्र कुठून सुरू धरायचं यावरच दोघांचं एकमत नाही आणि दोन सुरुवातींत जवळपास चार अंशांचं अंतर आहे. अधिक महिना कधीकधी वेगळा येतो आणि कोकणातल्या काही घरांची दिवाळी महिनाभर पुढेमागे होते, ती याच भांडणामुळे. मोबाइलवरची ॲप सहसा चित्रापक्ष धरतात.

एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. त्यात चार अंश सरकवलं की दहांतल्या तिघांचं नक्षत्र पुढचं होतं. तुमचा मित्र त्या तिघांतला. हस्ताच्या चौथ्या चरणातला चंद्र टिळकांत चित्रेच्या सुरुवातीला जातो. जुन्या पत्रिकेत तेच आहे.

अबोली, तुमचा चरण कोणता?

अबोली२९
आर्द्रा पहिला.

गोदाकाठ
म्हणजे तुम्ही दोन्हीकडे आर्द्राच राहता. आता मांडतो. कोष्टकांत अर्ध्या-एक गुणाचा फरक असतो, तेवढा धरून चाला.

दात्यांप्रमाणे आर्द्रा आणि हस्त. दोघांची आद्य नाडी, तिथले आठही गुण गेले. पण तो देवगणी, तुम्ही मनुष्यगणी, त्याचे सहा मिळाले. मिथुन आणि कन्या दोन्हींचा स्वामी बुध, म्हणून ग्रहमैत्रीचे पाच. राशिकूटाचे सात. बाकी किरकोळ धरून साडेचोवीस. गुरुजींचा हिशेब बरोबर आहे.

टिळकांप्रमाणे आर्द्रा आणि चित्रा. चित्रेची मध्य नाडी, म्हणजे एकनाड गेली, आठ गुण आले. पण चित्रा राक्षसगणाचं नक्षत्र, मनुष्य आणि राक्षस यांना गणाचा शून्य. योनीचा एक कमी होतो, तारेचे दीड वाढतात. एकूण सत्तावीस.

पाळणा तोच आणि आईही तीच. एका पंचांगात पोरगा देवगणी, दुसऱ्यात राक्षसगणी.

कोपऱ्यातलाकाका
आमच्या घरात दोन्ही पंचांगं नाहीत, तरी माझा गण कोणता यावर बायकोच्या मनात शंका नाही.

अबोली२९
काका, किती दिवसांनी हसले! गोदाकाठ, खूप खूप आभार. म्हणजे टिळक पंचांग धरलं तर काही अडचणच नाही ना? आईला आज हेच सांगते.

गोदाकाठ
आईला सांगा जरूर. मी स्वतः विचाराल तर मी चित्रापक्षवाला आहे, त्यामुळे माझ्या मते एकनाड आहे. पण एकनाडीलाही परिहार सांगितलेत. नक्षत्र एक आणि चरण वेगळे, किंवा रास एक आणि नक्षत्रं वेगळी, तर दोष धरत नाहीत. ते दोन्ही तुम्हाला लागू नाहीत. राशींचा स्वामी एकच असला तरी दोष जातो असं काही जण मानतात, तो लागू होतो. काही जण तो मानतच नाहीत. मी अशा वेळी बाकीची पत्रिका बघतो आणि नुसत्या नाडीवर नकार देत नाही. तुमच्या गुरुजींनी दिला, तो त्यांचा शिरस्ता.

तळटीप
अबोलीताई, राग मानू नका, पण आता जे झालं ते पुन्हा वाचा. दात्यांनी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही घाबरलात. टिळक हो म्हणाले तेव्हा आभार मानलेत. उलटं असतं, म्हणजे गुरुजींनी चित्रा धरून हो म्हटलं असतं, तर तुम्ही दात्यांत शोधायला गेला असतात का? नसतात गेलात.

याचा अर्थ लग्न करायचं तुमचं ठरलेलं आहे. तुम्हाला पत्रिका निर्णयाला नकोच आहे, तुम्हाला हवी आहे परवानगी. तुमच्या मित्राने पहिल्याच दिवशी नेमकं हेच विचारलं होतं, आणि ते उत्तर अजून या धाग्यावर आलेलं नाही.

विज्ञानवादी_विनू
तळटीप, टाळ्या! एकाच माणसाची दोन नक्षत्रं निघतात, आणि तरी लोक याला शास्त्र म्हणतात.

गोदाकाठ
विनूभाऊ, कोकणातल्या घरात पिढ्यान्पिढ्या दोन्हीकडची माणसं टिळक पंचांगाचीच असायची, त्यामुळे त्यांच्यापुरता गोंधळ होत नव्हता. नाशिकची मुलगी आणि राजापूरचा मुलगा आता जमायला लागले, म्हणून उघडं पडलं. पण तुमचा मुद्दा टोचतो, हे कबूल करतो. माझ्याकडे त्याला पक्कं उत्तर नाही.

अनामिक_वाचक
खातं नवीन आहे, कारण खऱ्या नावाने लिहिता येणार नाही. आमचंही एकनाड होतं. नवरा मानत नव्हता, माझे वडील हटून बसले होते. आम्ही ओळखीच्या एकाकडून त्याची जन्मतारीखच एक दिवस पुढे धरून दुसरी पत्रिका करून घेतली. तीस गुण जुळले, सगळे खूश.

आज नऊ वर्षं झाली. संसार उत्तम आहे. पण दर वर्षी वडील त्याच्या पत्रिकेवरून वर्षफळ काढून आणतात आणि मला ऐकवतात, आणि मी मान डोलावते. दोन गर्भपात झाले तेव्हा मी रात्री उठून खरी पत्रिका बघत बसायचे. नवऱ्याला हे माहीत नाही. मानत नसाल तर उघड नाही म्हणा, मानत असाल तर उघड बघा. लपवाछपवी करू नका, एवढंच सांगायचं होतं.

डॉ_निशा
अनामिक, गर्भपातांबद्दल वाईट वाटलं. त्याचा नाडीशी संबंध नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या बऱ्याच गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष कारण असतो आणि तो बहुतेकदा योगायोगाने होतो. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

सुलभा_मावशी
अबोली, अनामिकचं वाचलंस ना? त्याला आज सांगून टाक. नक्षत्राचं नंतर. तुमच्या आयांनी त्याच्या पाठीमागे काय केलं ते आधी.

मालतीताई_सांगली
गोदाकाठ साहेब, चौथा मंगळ जर स्वराशीचा असेल तर चालतो असं ऐकलं होतं. मुलाचा वृश्चिकेत आहे.

गोदाकाठ
मेष किंवा वृश्चिकेचा मंगळ दोषकारक नाही असंच बहुतेक मानतात. पण जन्मवेळ कुठून घेतलीय ते आधी बघा. वर म्हटलं तसं, इथे पाव तास महत्त्वाचा. दवाखान्याच्या कागदावरची वेळ आणि आजीच्या आठवणीतली वेळ यांत फरक असू शकतो.

अबोली२९
दहा दिवसांनी लिहितेय. क्षमस्व.

रविवारी त्याच्याकडे गेले. तो वालाची बिरडं सोलत बसला होता. मीही परातीपुढे बसले आणि सोलता सोलता सगळं सांगून टाकलं. आयांचं, गुरुजींचं, हस्त-चित्राचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे. मग म्हणाला, "म्हणजे पुण्यात मी देव आणि राजापुरात राक्षस." मला वाटलं निभावलं. पण निभावलं नव्हतं. पत्रिका बघितली याचं त्याला फार वाटलं नाही. त्याच्या आईने त्याला न विचारता दिली आणि मी तीन आठवडे गप्प राहिले, हे लागलं. दोन दिवस फोन उचलला नाही.

मग भेटलो. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तळटीप, तुमचं वाचून मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "वाईट निघालं तरी लग्न करीन. पण घाबरत घाबरत करीन." तो म्हणाला, "एवढंच हवं होतं. चार महिन्यांपूर्वी म्हणाली असतीस तर जन्मवेळ मीच लिहून दिली असती."

आईने टिळक पंचांग मानायला साफ नकार दिला. "आपल्याकडे दातेच," एवढंच. आता ती नाडीची शांत करायची म्हणते. तो म्हणतो, पूजेला बसेन, पण 'दोष होता म्हणून केली' असं कुणी कधी म्हणायचं नाही, हे आधी कबूल करा. आई ते कबूल करत नाही. त्यावर अडलंय. पाटील, तुमची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली होती, ही अट तिथूनच आली.

शनिवारी दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करून घेतोय. ते मात्र त्यानेच सुचवलं.

परदेशीपाटील
अट योग्य आहे. कागदावर घेऊन ठेवा, मीही घ्यायला हवी होती.

विज्ञानवादी_विनू
शांत कशाला? एकदा बसलात की दोष मान्य केल्यासारखंच झालं.

सुलभा_मावशी
विनू, तुझं लग्न झालंय का रे?

विज्ञानवादी_विनू
बघतायत घरचे. पत्रिका द्यायला नाही म्हटलंय, म्हणून अजून बघतायतच.

कोपऱ्यातलाकाका
गोदाकाठ, याची वेळ घ्या आणि दोन्ही पंचांगांतून काढा. कुठल्यातरी एकात जमेलच.

मालतीताई_सांगली
दवाखान्याचा कागद सापडला. वेळ २० मिनिटांनी वेगळी आहे. आता मंगळ पाचव्यात गेला म्हणतात. मग आता तो मंगळाचा नाही का?